ग्रॅन आलेख : रंग दिसत नसेल तेव्हा अंतिम बिंदू कसा शोधायचा?



आमचं गडहिंग्लज म्हणजे उसाचा भाग. त्यामुळे अनुमापन, म्हणजेच टायट्रेशन शिकवताना एका वर्षी मनात आलं, की नेहमीच्या बाटलीतल्या रसायनाऐवजी मुलांना ओळखीचं काहीतरी द्यावं. म्हणून उसाच्या रसापासून केलेलं गडद तपकिरी व्हिनेगर आणलं. त्यात असेटिक आम्ल किती टक्के आहे ते मुलांनी काढायचं, एवढाच प्रयोग. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, चंचुपात्रात पातळ केलेलं व्हिनेगर आणि दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब.

पाचच मिनिटांत एक मुलगी म्हणाली, "सर, गुलाबी आलं का नाही तेच कळंना झालंय." खरंच होतं तिचं. मुळातच तपकिरी असलेल्या द्रावणात फिकट गुलाबी छटा कधी आली ते ठरवणं अवघड. एका गटाने १७ मिलिवर थांबून वाचन लिहिलं, दुसऱ्याने १९ वर. दोन्ही गट प्रामाणिक होते. डोळाच फसत होता.

त्या दिवशी प्रयोग तसाच सोडून द्यावा लागला. पुढच्या आठवड्यात तोच प्रयोग सामू मोजणारं मीटर घेऊन केला आणि त्याचं गणित ग्रॅन आलेखाने सोडवलं. त्या पद्धतीविषयी आजचा पाठ आहे. पदवीच्या पुस्तकात ती दोन ओळींत उरकलेली असते, पण अकरावी-बारावीच्या मुलांनाही ती नीट समजते. लॉग आणि सरळ रेषेचा आलेख येत असला की पुरे.

आधी अडचण नीट समजून घेऊ

रंग दिसत नसेल तर सामू मोजायचा, हे सगळ्यांना सुचतं. ब्युरेटमधून थोडं थोडं आम्लारी सोडायचं, प्रत्येक वेळी सामू लिहायचा आणि मग आलेख काढायचा. हा आलेख सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आधी हळूहळू चढतो, मग एकदम उभा उडी मारतो आणि वर जाऊन पुन्हा सपाट होतो. त्या उभ्या उडीच्या मध्यावर सममूल्य बिंदू असतो. सममूल्य बिंदू म्हणजे जेवढं आम्ल होतं बरोबर तेवढंच आम्लारी पडलं ती जागा. दर्शकाचा रंग बदलतो तो अंतिम बिंदू. हे दोन्ही जवळजवळ असावेत अशी आपली अपेक्षा असते, पण ते एकच नाहीत, हे मुलांना इथेच सांगून टाकावं.

आता मेख अशी आहे, की ज्या जागेची आपल्याला गरज आहे तीच मोजायला सगळ्यात अवघड. आमच्या व्हिनेगरच्या प्रयोगासारखी मापं धरली तर १७ मिलि आम्लारी पडल्यावर सामू साधारण ६.२ असतो आणि १८ मिलिवर तो १०.९ च्या आसपास पोचलेला असतो. एका मिलित साडेचार एककांहून मोठी उडी! मधला बिंदू पकडायचा तर थेंबाथेंबाने जावं लागतं. शिवाय त्या भागात द्रावणाला स्वतःचा आधार नसतो, म्हणजे बफर क्षमता जवळजवळ संपलेली असते. त्यामुळे मीटरचा आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडसुद्धा वाचन हलवतो. मुलांच्या हातून नळी जरा जास्त फिरली की उडी निघून गेली, मग पुन्हा पहिल्यापासून.

स्वीडनच्या गुन्नार ग्रॅन यांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५२ मध्ये यावर एक वेगळा मार्ग मांडला. उडीच्या जागी जाऊन धडपडण्यापेक्षा, उडीच्या आधी शांतपणे घेतलेल्या वाचनांवरूनच ती जागा काढायची. त्यासाठी वाकडी रेषा सरळ करायची आणि पुढे वाढवायची.

उडी कुठून येते?

हा प्रश्न मी मुलांना आधी विचारतो, कारण पद्धतीचा गाभा इथेच आहे. आपण ब्युरेटमधून प्रत्येक मिलिला सारखंच आम्लारी घालतो. म्हणजे चंचुपात्रातलं आम्लही प्रत्येक मिलिला सारखंच कमी व्हायला हवं. पहिल्या मिलिला जेवढं संपलं तेवढंच दहाव्या मिलिला संपणार. यात उडी कुठेच नाही. मग आलेखात ती आली कुठून?

ती बरीचशी लॉगमुळे येते. सामू हा हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचा ऋण लॉग आहे. एखादी राशी १० वरून ९ झाली तर लॉगला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण तीच राशी १ वरून ०.१ झाली, तर लॉग पूर्ण एका एककाने हलतो. दोन्ही वेळा कमी झालं ते जवळजवळ सारखंच, पण लॉग शून्याजवळच्या बदलाला अवाच्या सव्वा मोठं करून दाखवतो. शिल्लक आम्ल शून्याकडे जातं तेव्हा सामूची रेषा उभी होते ती त्यामुळे.

मी मुलांना एस.टी.चं उदाहरण देतो. गडहिंग्लजहून कोल्हापूरला जाताना रस्त्याकडेच्या दगडांवर 'कोल्हापूर इतके किलोमीटर' असं लिहिलेलं असतं आणि तो आकडा सारख्या गतीने कमी होत जातो. समजा शहराजवळचे शेवटचे दगड रस्ता रुंद करताना निघून गेले. तरी आधीचे चार-पाच दगड आणि त्यांच्या वेळा लिहून ठेवल्या असतील, तर गाडी किती वाजता पोचेल ते आपण घरबसल्या सांगू शकतो. शिल्लक अंतर आणि वेळ यांची रेषा सरळ आहे, ती शून्यापर्यंत वाढवली की झालं. ग्रॅन आलेखात नेमकं हेच करायचं असतं. फक्त आपला 'दगड' शिल्लक आम्लाचा आकडा थेट दाखवत नाही, सामू दाखवतो. सामूवरून शिल्लक आम्ल परत काढता आलं की काम झालं.

सामूवरून शिल्लक आम्ल

असेटिक आम्ल सौम्य आहे. त्याच्या समतोलाचं सूत्र मुलांना येतंच :

```
[H] = Ka × [HA] / [A]
```

इथे HA म्हणजे शिल्लक आम्ल आणि A म्हणजे तयार झालेला असेटेट. आपण V मिलि आम्लारी घातलं असेल आणि सममूल्य बिंदू Ve मिलिवर असेल, तर तयार झालेला असेटेट V च्या प्रमाणात असतो आणि शिल्लक आम्ल (Ve − V) च्या प्रमाणात. दोन्ही एकाच द्रावणात, एकाच आकारमानात आहेत, त्यामुळे भागाकार करताना आकारमान आपोआप कटतं. उरतं ते असं :

```
[H] = Ka × (Ve − V) / V
V × [H] = Ka × (Ve − V)
V × 10^(-pH) = Ka × Ve − Ka × V
```

शेवटची ओळ नीट पाहा. उजवीकडे Ka आणि Ve दोन्ही स्थिर आहेत. म्हणजे डावीकडची राशी V विरुद्ध काढली तर सरळ रेषा मिळणार. V जेव्हा Ve एवढा होईल तेव्हा ती राशी शून्य होणार. रेषा आडव्या अक्षाला जिथे छेदेल तोच सममूल्य बिंदू. शिवाय रेषेचा उतार −Ka आहे, म्हणजे आम्लाचा स्थिरांकही फुकटात हाती येतो.

डावीकडच्या राशीला आपण G म्हणू, ग्रॅनच्या नावावरून. G काढायला दोनच पायऱ्या : सामूचा लॉग उलटवायचा, म्हणजे 10^(-pH) काढायचं आणि त्याला V ने गुणायचं. आकडे फार लहान येतात म्हणून दहा लाखांनी गुणून घेतो, वाचायला बरं पडतं.

प्रयोग करताना

व्हिनेगर १० मिलि पिपेटने घेऊन १०० मिलिच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पातळ केलं. त्यातलं २५ मिलि चंचुपात्रात घेतलं आणि इलेक्ट्रोडचं टोक नीट बुडावं म्हणून त्यात २५ मिलि ऊर्ध्वपातित पाणी घातलं. हे जादा पाणी मोजणीत येत नाही, कारण वर पाहिलं तसं आकारमान कटून जातं. मूळ व्हिनेगरपैकी चंचुपात्रात आलं ते २.५ मिलि. हा आकडा शेवटी लागणार आहे, मुलांना वहीत चौकट करून लिहायला सांगा.

ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. ते आधी ऑक्झॅलिक आम्लाने किंवा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित करून घेतलेलं असावं. मीटर ७ आणि ४ या दोन बफरांवर लावून घ्यायचं. दोन्हींवर का, ते पुढे येईल. आम्लारी घातल्यावर हलवायचं, आकडा थांबेपर्यंत साधारण अर्धा मिनिट थांबायचं, मगच लिहायचं. आम्लारी हाताला आणि डोळ्याला वाईट, तेव्हा चष्मे घालूनच.

वाचनं दर २ मिलिला घेतली तरी चालतात. सममूल्य बिंदूजवळ थेंबाथेंबाने जायची गरजच नाही. खालचा तक्ता नमुन्याचा आहे. वर सांगितलेल्या मापांना जे आकडे अपेक्षित आहेत तेच गणिताने काढून, मीटर दाखवतं तसे दोन दशांश ठेवून मांडले आहेत, म्हणजे आपल्याला फळ्यावर तपासता येतील.

| V (मिलि) | सामू | 10^(-pH) × 10^6 | G |
|---|---|---|---|
| ८ | ४.६३ | २३.४४ | १८७.५ |
| १० | ४.८३ | १४.७९ | १४७.९ |
| १२ | ५.०४ | ९.१२ | १०९.४ |
| १४ | ५.३० | ५.०१ | ७०.२ |
| १६ | ५.७३ | १.८६ | २९.८ |

आधी सामूचा रकाना बघा. वाढ आहे ०.२०, ०.२१, ०.२६ आणि मग ०.४३. रेषा वळायला लागली आहे. आता G चा रकाना बघा. दर दोन मिलिला घट ३९.६, ३८.५, ३९.२, ४०.४. म्हणजे जवळजवळ सारखीच! मुलांना ही वजाबाकी स्वतः करू द्या. वाकडं सरळ झालं हे वजाबाकीतून आधी हाताला लागतं, आलेख नंतर काढला तरी चालतो.

आता तोंडी हिशोब. आठ मिलिपासून सोळा मिलिपर्यंत G १५७.७ ने कमी झाला, म्हणजे एका मिलिला १९.७. सोळा मिलिवर शिल्लक G आहे २९.८. तो संपायला अजून २९.८ भागिले १९.७, म्हणजे साधारण १.५१ मिलि लागतील. म्हणून सममूल्य बिंदू १७.५१ मिलि. पाचही बिंदूंमधून सर्वांत जुळणारी रेषा काढली तर १७.५४ येतो. फरक ०.०३ मिलि, म्हणजे एका थेंबाहूनही कमी.

संगणकावर स्प्रेडशीट असेल तर A रकान्यात V आणि B रकान्यात सामू भरा, पहिली ओळ मथळ्याला सोडा. C2 मध्ये पहिलं सूत्र लिहून खाली ओढा, आणि रिकाम्या घरात दुसरं :

```
=A2*10^(-B2)*10^6
=-INTERCEPT(C2:C6,A2:A6)/SLOPE(C2:C6,A2:A6)
```

दुसऱ्या सूत्राचं उत्तर थेट सममूल्य बिंदू असतो. तरी पहिल्यांदा आलेख कागदावरच काढून घ्यावा असं माझं मत आहे. पट्टी ठेवून रेषा अक्षापर्यंत वाढवताना मुलांना कळतं, की आपण जिथे मोजलंच नाही तिथलं उत्तर काढतोय.

आता व्हिनेगरचं उत्तर. १७.५४ मिलि गुणिले ०.१ मोलर म्हणजे १.७५४ मिलिमोल आम्ल. ते २.५ मिलि व्हिनेगरमधून आलं, म्हणून तीव्रता ०.७०२ मोलर. असेटिक आम्लाचं मोलर वस्तुमान ६०, म्हणून लिटरमागे सुमारे ४२ ग्रॅम, म्हणजेच १०० मिलिमध्ये ४.२ ग्रॅम. किण्वनाने केलेल्या व्हिनेगरमध्ये आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार १०० मिलिला किमान ३.७५ ग्रॅम असेटिक आम्ल लागतं. म्हणजे नमुन्यातलं व्हिनेगर त्या कसोटीला उतरतं. १७ आणि १९ मिलिवर थांबलेल्या दोन गटांचा हिशोब केला तर ४.१ आणि ४.६ टक्के येतात. रंगाच्या गोंधळाने केवढी चूक होते ते यावरून दिसतं.

मीटर चुकलं तर?

शाळेतली मीटरं काही फार चोख नसतात. म्हणून मीटर चुकीचं असेल तर काय होतं, हे मुलांना करून दाखवण्यासारखं आहे. चुकीचे दोन प्रकार असतात आणि ग्रॅन आलेख दोन्हींना वेगवेगळं वागवतो.

पहिला प्रकार : मीटर प्रत्येक वाचन सारखंच जास्त दाखवतं, समजा ०.२० ने. मग प्रत्येक G ला ०.६३ ने गुणलं जाईल. १८७.५ चे ११८.३ होतील आणि २९.८ चे १८.८. रेषा खाली झुकेल, पण शून्यावर जिथे पोचायची तिथेच पोचेल. पुन्हा हिशोब करा : एका मिलिला घट १२.४४, शिल्लक १८.८, उत्तर पुन्हा १७.५१. सममूल्य बिंदू जागचा हलत नाही, फक्त उतारातून काढलेला Ka चुकतो. मला ही गोष्ट फार आवडते. तीव्रता काढायची असेल तर सारखं चुकणारं मीटर चालून जातं.

दुसरा प्रकार धोक्याचा. इलेक्ट्रोड जुना झाला की तो सामूतला फरकच कमी करून दाखवतो. एक एकक बदललं तर ०.९५ च दाखवतो. मीटर फक्त ७ च्या बफरवर लावलं असेल, तर ही चूक लपून राहते. तेव्हा आपल्या तक्त्यातली वाचनं ४.६३ ऐवजी ४.७५, ५.०४ ऐवजी ५.१४ आणि ५.७३ ऐवजी ५.७९ अशी येतील. त्यांचा G काढला तर ८ आणि १२ मिलिमधली रेषा शून्याला १८.३ वर पोचते आणि १२ आणि १६ मिलिमधली १७.७ वर. एकाच प्रयोगातून दोन उत्तरं! रेषा खरं तर सरळ राहिलेलीच नाही, ती किंचित वाकली आहे.

ओळखण्याची खूण हीच. पहिल्या अर्ध्या बिंदूंतून एक रेषा काढा, दुसऱ्या अर्ध्या बिंदूंतून दुसरी. दोन्ही एकाच जागी पोचल्या तर मीटरवर भरवसा ठेवा. शेवटची रेषा सारखी अलीकडे किंवा पलीकडे सरकत असेल, तर दोन बफरांवर मीटर पुन्हा लावा. दोन्ही बफरांवर का, याचं उत्तर हे.

कोणते बिंदू घ्यायचे, कोणते सोडायचे

मुलं नेहमी विचारतात, "सर, सुरुवातीची वाचनं का टाकून दिली?" तक्ता ८ मिलिपासून सुरू का, हा रास्त प्रश्न आहे. आपण धरलं, की असेटेट फक्त आम्लारीमुळे तयार होतो. पण सौम्य आम्ल थोडं स्वतःहूनही फुटतं. सुरुवातीला आम्लारी कमी असतं तेव्हा हा आपोआप फुटलेला वाटा दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो. २ मिलिवर सामू साधारण ३.८३ येतो, त्याचा G २९६. पण आपली रेषा मागे वाढवली तर तिथे ३०५ असायला हवा. बिंदू रेषेच्या खाली पडला. ८ मिलिपर्यंत हा फरक एक टक्क्याच्या आत येतो. म्हणून ढोबळ नियम : सममूल्य बिंदूच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शातली वाचनं रेषेसाठी वापरू नयेत. मोजावीत जरूर, आलेखावर दाखवावीत, पण पट्टी त्यांच्यावरून ठेवू नये.

दुसऱ्या टोकालाही अशीच मर्यादा आहे. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उघडी राहिली की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्यात कार्बोनेट तयार होतं. सामू ६ च्या पुढे गेला की कार्बोनेटमधून आलेलं कार्बोनिक आम्ल स्वतःच आम्लारी खायला लागतं. त्यामुळे सामू वाढायला हवा तेवढा वाढत नाही आणि G शून्यावर यायच्या ऐवजी अक्षाच्या जरा वर लोंबकळत राहतो. आलेखाला उजवीकडे शेपूट फुटते. शेपूट दिसली तर तिच्यातून रेषा न्यायची नाही आणि ती आम्लारी शिळं झाल्याची सूचना समजायची.

मधल्या बिंदूंमध्येही सगळे सारख्या मोलाचे नाहीत. समजा मीटरने एखाद्या वेळी ०.०२ ची चूक केली. G मध्ये त्याने साधारण पाच टक्के फरक पडतो. ८ मिलिवर पाच टक्के म्हणजे ९ एकक, जवळजवळ अर्ध्या मिलिइतकं. १६ मिलिवर पाच टक्के म्हणजे फक्त दीड एकक, ०.०७ मिलि. म्हणून पट्टी ठेवताना बिंदू सगळीकडे सारखे फसत नसतील, तर शेवटच्या बिंदूंजवळून रेषा न्यावी, पहिल्यांपासून थोडी दूर गेली तरी चालेल. थोडक्यात, शेपटीच्या आधीचे शेवटचे बिंदू सगळ्यात विश्वासू.

पद्धत जे करू शकत नाही ते

ग्रॅन आलेख आपल्याला सममूल्य बिंदूचं आकारमान देतो, तीव्रता नाही. सोडियम हायड्रॉक्साइड ०.१ समजून आपण ०.०९५ मोलरचं वापरलं असेल, तर रेषा कितीही सुंदर सरळ आली तरी टक्केवारी पाच टक्क्यांनी चुकीचीच येणार. सरळ रेषेच्या आनंदात प्रमाणित करायची पायरी विसरू नये.

उतारातून आलेला Ka आपल्या उदाहरणात १.९७ × १०^−५ आहे, तर पुस्तकात असेटिक आम्लासाठी सुमारे १.७५ × १०^−५ दिलेला असतो. मुलांना वाटतं, चुकलं. तसं नाही. पुस्तकातली किंमत अत्यंत विरल द्रावणासाठी असते. आपल्या द्रावणात सोडियम आणि असेटेट आयनांची गर्दी असते, त्यामुळे असा थोडा फरक पडतोच.

आणि हे सूत्र सौम्य आम्लासाठीच आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तर ते पूर्ण फुटलेलं असतं. तिथे शिल्लक आम्ल थेट हायड्रोजन आयनांच्या रूपातच मोजलं जातं. मग V ने गुणायचं नाही, एकूण आकारमानाने गुणायचं, कारण तिथे आकारमान कटत नाही. सुरुवातीचं आकारमान V0 असेल तर राशी अशी होते :

```
(V0 + V) × 10^(-pH)
```

चुकून सौम्य आम्लाचं सूत्र वापरलं तर बिंदू सरळ येतच नाहीत. म्हणजे इथेही रेषाच चूक दाखवते.

हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा त्याच मुलीने पट्टी ठेवून रेषा अक्षापर्यंत नेली आणि विचारलं, "सर, आपण तर सोळाच्या पुढं गेलोच नाही, मग साडेसतरा कसं काय म्हणायचं?" मी तिला म्हटलं, "अगं, मग आता घाल की आम्लारी आणि बघ." तिने १७ मिलिपर्यंत सोडलं, मग थेंबाथेंबाने पुढे गेली. साडेसतराच्या आसपास मीटरचा आकडा सरसर वर गेला. आपल्याकडेही मुलांना आधी रेषेवरून उत्तर लिहायला लावा आणि मगच ब्युरेटची नळी उघडू द्या. क्रम उलटा केला तर रेषा नुसती शोभेची राहते.